श्वास घेऊन की श्वास घेत?

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी सूर्यनमस्काराचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा लावलं. स्क्रिप्ट माझी आणि आवाजही माझाच. समोर चटयांवर आठ जण उभे होते, त्यातले पाच साठीच्या पुढचे. स्पीकरमधून वाक्य आलं : ‘आता दीर्घ श्वास घेऊन दोन्ही हात वर न्या.’ आठही जणांनी आधी खांदे उचलून छाती भरून घेतली, क्षणभर तसेच थांबले आणि मग भरल्या छातीने हात वर नेले. हात डोक्यावर पोचेपर्यंत दोघांनी श्वास सोडूनही टाकला होता. पुढचं वाक्य होतं, ‘श्वास सोडून खाली वाका.’ त्यांनी उभ्या उभ्याच श्वास सोडला आणि रिकाम्या छातीने वाकायला लागले. तिसऱ्या आवर्तनाला एक काकू खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांना धाप लागली होती.

त्यांची काहीच चूक नव्हती. मी जे सांगितलं ते त्यांनी शब्दशः केलं होतं. मराठीत ‘जेवून ये’ म्हटलं की आधी जेवायचं आणि मग यायचं. ‘घेऊन’ हा शब्द एक क्रिया संपवून दुसरी सुरू करायला सांगतो. योगवर्गात मात्र श्वास आणि हालचाल बरोबरीने सुरू होऊन बरोबरीने संपायला हवी असते. त्यासाठी मराठीत नेमका प्रत्यय आहे : ‘श्वास घेत हात वर’, ‘श्वास सोडत खाली’. ‘गात गात चालली’ म्हटलं की गाणं आणि चालणं एकत्र घडतं, तसंच हे आहे. ‘ऊन’च्या जागी ‘त’ लिहिला. पुढच्या आठवड्यात त्याच आठ जणांनी त्याच हॉलमध्ये बारा स्थितींची तीन आवर्तनं केली आणि कोणाला बसावं लागलं नाही.

ही चूक कुठून आली ते मी नंतर शोधलं. स्क्रिप्ट आधी इंग्रजीत लिहून मग तिचं मराठी केलं होतं. इंग्रजीत ‘इनहेल अँड रेझ युअर आर्म्स’ असं सर्रास म्हणतात आणि ऐकणारा त्यातला ‘अँड’ ‘एकाच वेळी’ असा समजून घेतो. त्याचं मराठी ‘श्वास घ्या आणि हात वर करा’ असं होतं, किंवा जरा घडीव मराठी लिहायला गेलं की ‘श्वास घेऊन हात वर करा’ असं होतं. या दोन्ही वाक्यांत मराठी कानाला दोन सुट्या क्रिया ऐकू येतात. तेव्हापासून मी दोन्ही भाषांतली निवेदनं वेगवेगळी लिहिते. भाषांतर करत नाही. दोन्हींत समान असतो तो फक्त श्वासाचा तक्ता.

हा तक्ता म्हणजे या कामाचा कणा. शब्द लिहिण्याआधी तो करावा लागतो, म्हणून एका आवर्तनाचा तक्ता इथे मांडते.

सूर्यनमस्काराच्या पद्धती अनेक आहेत. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी प्रसार केलेली पद्धत दहा स्थितींची होती. त्यांच्या नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली निघालं, त्याच्या नावातच दहाचा आकडा आहे. आज बहुतेक वर्गांत बारा स्थिती शिकवतात. प्रणामासनात श्वास सोडायचा, हात वर नेताना घ्यायचा, पादहस्तासनात वाकताना सोडायचा, एक पाय मागे नेताना घ्यायचा, पर्वतासनात कंबर उचलताना सोडायचा. मग साष्टांग नमस्कार, त्यानंतर भुजंगासनात श्वास घ्यायचा आणि पुढे उलट क्रमाने परत यायचं. यामागचं कारण शरीरातच आहे. हात वर जाताना बरगड्या उचलल्या जातात, छातीला जागा मिळते, तेव्हा श्वास सहज आत येतो. पुढे वाकताना पोट दाबलं जातं, श्वासपटल वर सरकतं, तेव्हा श्वास सहज बाहेर जातो. हे एकदा समजलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

अडचण येते ती पाचव्या आणि सहाव्या स्थितीत. पर्वतासनात श्वास सोडलेला असतो आणि साष्टांग नमस्कारासाठी खाली जायचं असतं. काही परंपरांत इथे श्वास बाहेर रोखून धरतात. काही ठिकाणी पाचव्या स्थितीत श्वास आत रोखून सहाव्या स्थितीत सोडतात. समोर गुरू असेल, त्याला तुमची प्रकृती माहीत असेल, तर हे ठीकच आहे. ध्वनिमुद्रणातला आवाज मात्र कोणालाच पाहू शकत नाही. ऐकणाऱ्याला रक्तदाब आहे का, हृदयाचा त्रास आहे का, ती बाई गरोदर आहे का, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून सर्वांसाठीच्या निवेदनात ‘श्वास रोखा’ हे शब्द मी लिहीत नाही. पर्वतासनात एक जादा श्वास घ्यायला लावते आणि तो सोडत साष्टांगात उतरवते. याचा आणखी एक फायदा होतो. जो मागे पडलाय त्याला त्या एका श्वासात सगळ्यांबरोबर यायला वाव मिळतो.

आता सेकंद मोजू. श्वास घ्यायला चार आणि सोडायला पाच धरले, तर एका आवर्तनात सात वेळा सोडणं आणि, जादा श्वास धरून, सहा वेळा घेणं येतं. म्हणजे पस्तीस आणि चोवीस, एकूण एकोणसाठ सेकंद. मिनिटाला एक नमस्कार हे ऐकायला छान वाटतं. पण याचा अर्थ मिनिटाला साडेसहा श्वास, आणि मोठ्या माणसाचा नुसता बसलेला असतानाचा श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतो. रोज सराव करणाऱ्याला साडेसहा जमतात. नवा माणूस मेहनतीची हालचाल करत असताना इतका संथ श्वास घेऊ शकत नाही. तो मध्येच चोरून एक श्वास घेतो आणि मग पुढचे सगळे उलटे पडतात. नवशिक्यांसाठी मी तीन आणि चार सेकंद धरते. तेव्हा आवर्तन सेहेचाळीस सेकंदांत होतं.

इथे लिहिणाऱ्याची खरी कसोटी लागते. तीन सेकंदांत काय बोलून होईल? शांत लयीत सूचना देताना मी सेकंदाला तीन-चार अक्षरं बोलते. ‘श्वास घेत, हात वर’ यात उच्चाराचे चारच ठोके आहेत, ते एका सेकंदात बसतं. ‘आता दीर्घ श्वास घेत घेत दोन्ही हात कानांना चिकटवून सावकाश वर न्यायचे आहेत’ हे वाक्य वर्गात कानाला गोड लागतं. आपल्याकडचे बहुतेक शिक्षक या ‘न्यायचे’, ‘घ्यायचा’ वळणानेच बोलतात आणि त्यात जिव्हाळा आहे. पण ते वाक्य संपेस्तोवर ऐकणाऱ्याचा श्वास भरून परत सुटायला लागलेला असतो.

शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘उजवा पाय दोन्ही हातांच्या मधून मागे…’ इथपर्यंत ऐकलं तरी माणूस थांबून राहतो, कारण ‘न्या’ अजून यायचंय. यावर उपाय मराठीतच आहे. सूचनेत आपण क्रियापद बिनदिक्कत गाळतो. ‘हात वर’, ‘पाय मागे’, ‘नजर समोर’ हे शाळेच्या मैदानापासून प्रत्येकाच्या कानावर पडलेलं आहे. कोणाला ते उद्धट वाटत नाही. आदर आवाजातून येतो आणि आधी-नंतरच्या मोकळ्या वाक्यांतल्या ‘या’, ‘थांबा’, ‘जमेल तेवढंच करा’मधून येतो.

आता शब्द नेमका कधी पडायला हवा ते पाहू. मला हे समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी आधी तक्त्यातल्या सेकंदाला वाक्य सुरू करत होते, त्यामुळे ऐकून, समजून, हलायला सुरुवात होईपर्यंत सेकंद-दीड सेकंद निघून जायचा. मग मी वाक्य आधी संपवायला लागले, तर लोक ‘श्वास घेत’ ऐकताक्षणी श्वास घ्यायचे आणि हात मागाहून यायचे. शेवटी वाक्याचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा पूर्वसूचनेचा. तो आधीचा श्वास चालू असताना बोलायचा आणि त्यात श्वासाचा शब्द अजिबात येऊ द्यायचा नाही. दुसरा तुकडा इशाऱ्याचा. तो छोटा असतो आणि त्यात श्वासाचा शब्द पहिला येतो. चार आणि पाच सेकंदांच्या लयीतला पहिला भाग माझ्या वहीत असा आहे. वर जाणारा बाण म्हणजे श्वास घेणं, खाली येणारा म्हणजे सोडणं :

० ते ५ ↓ (मध्ये) पुढे हात वर जातील.
५ ते ९ ↑ श्वास घेत, हात वर. (मध्ये) आता पुढे वाकायचंय.
९ ते १४ ↓ श्वास सोडत, खाली. (मध्ये) उजवा पाय मागे जाईल.
१४ ते १८ ↑ श्वास घेत, मागे. नजर वर. (मध्ये) डावा पायही मागे.
१८ ते २३ ↓ श्वास सोडत, कंबर वर.
२३ ते २७ ↑ इथेच एक श्वास घ्या. (मध्ये) गुडघे, छाती, हनुवटी टेकणार.
२७ ते ३२ ↓ श्वास सोडत, टेका.

बाणाचा सेकंद ‘श्वास’ या शब्दावर पडत नाही, ‘घेत’मधल्या ‘घे’वर आणि ‘सोडत’मधल्या ‘सो’वर पडतो. ‘श्वास’ हा शब्द दोन्ही सूचनांत सारखाच आहे. डोकं खाली असलेल्या माणसाला तो ऐकून घ्यायचाय की सोडायचाय हे कळत नाही, फक्त ‘आता काहीतरी येतंय’ एवढं कळतं. तेवढंच कळायला हवं असतं. ‘श्वास’ त्याला सावध करतो आणि ‘घे’ त्याला हलवतो. ‘सोडत’मधला ‘सो’ लांबवताही येतो. आवाज हळूहळू उतरवत ‘सोऽडत’ म्हटलं की ऐकणाऱ्याचा श्वास आपोआप त्या उतारावरून जातो. ‘घेत’ म्हणताना आवाज किंचित चढता ठेवायचा.

इंग्रजी पट्टीही याच हिशेबाने लिहिली. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत आजी मराठी आवाजावर आणि नात इंग्रजी आवाजावर तोच व्हिडिओ करते. एकाच पट्टीत दोन्ही भाषा आळीपाळीने बोलायचा प्रयत्न मी एकदा करून पाहिला. तो फसला, कारण चार सेकंदांत तीच सूचना दोनदा बसत नाही. म्हणून चित्र एक आणि आवाजाच्या पट्ट्या दोन. इंग्रजीत सगळे ‘इनहेल’ आणि ‘एक्सहेल’ म्हणतात, पण मोबाइलच्या लहान स्पीकरवर पहिलं अक्षर गिळलं गेलं की दोन्हींतून फक्त ‘हेल’ उरतं. मी ‘ब्रीद इन, आर्म्स अप’ आणि ‘ब्रीद आउट, फोल्ड डाउन’ असं लिहिते. ‘ब्रीद’ सावध करतो आणि ‘इन’ किंवा ‘आउट’ बाणावर पडतो. म्हणजे मराठीतला ‘घे’ आणि इंग्रजीतला ‘इन’ एकाच क्षणी येतात. वाक्यांची सुरुवात किंवा शेवट जुळवण्याची धडपड करू नये. भाषा वेगळ्या असल्यामुळे लांबी वेगळी असणारच. जुळवायचा तो एवढा एकच ठोका.

श्वासाला आकडा बांधण्याची एक सुंदर रीत म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग परंपरेत आहे. तिथे संस्कृतात मोजतात. त्यांच्या पहिल्या सूर्यनमस्कारात नऊ पायऱ्या असतात. एकम् म्हणजे श्वास घेत हात वर, द्वे म्हणजे सोडत खाली, आणि पुढेही तसंच, विषम आकड्याला घेणं आणि सम आकड्याला सोडणं. जगात कुठेही, कुठल्याही भाषेच्या वर्गात, आकडा ऐकला की श्वास कळतो. मराठी माणसाला हे आकडे शिकवायलाही नकोत. पण ही रीत क्रम पाठ असलेल्यांसाठी आहे. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला आकड्यातून पाय कुठे न्यायचा ते कळणार नाही.

शरीराच्या अवयवांची नावं ही दोन्ही भाषांतली वेगळीच गंमत आहे. आपला ‘चवडा’ इंग्रजीत एका शब्दात येत नाही, तीन-चार शब्द खर्च करावे लागतात. उलट इंग्रजीत ‘हिप’ आणि ‘वेस्ट’ वेगळे आहेत आणि आपण दोन्हींना ‘कंबर’ म्हणतो. ‘कमरेतून वाका’ म्हटलं की बहुतेक लोक पाठीची कमान करून पोटापासून वाकतात, ताण मणक्यावर येतो. ‘खुब्यातून’ हा शब्द बरोबर आहे, पण शहरातल्या पुष्कळांना खुबा म्हणजे शस्त्रक्रियेची आठवण. म्हणून पहिल्या आवर्तनात मी सरळ दाखवून सांगते, ‘मांडी जिथे धडाला मिळते तिथून वाकायचं, पाठ लांब ठेवायची, गुडघे वाकले तरी चालतील.’ पुढच्या आवर्तनांत ‘खाली’ हा एक शब्द पुरतो.

असं पहिलं आवर्तन वेगळं ठेवणं हीच सगळ्या घाईवरची तोड आहे. त्यात श्वासाचा एकही शब्द नसतो, ‘संथ श्वसन चालू ठेवा’ एवढंच म्हणायचं आणि हात, पाय, नजर, गुडघे यांबद्दल सगळं काही निवांत सांगायचं. कोणता पाय मागे न्यायचा आणि नवव्या स्थितीत कोणता पुढे आणायचा हेही इथेच पक्कं करायचं, कारण यात परंपरांत फरक आहे. लिहिणाऱ्याने एक निवडून शेवटपर्यंत तीच धरायची. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात वर दिलेली छोटी वाक्यं. चौथ्यापासून नुसतं ‘श्वास घेत… श्वास सोडत…’ आणि पूर्वसूचनाही नाही. शब्द कमी होत जातात तसा माणूस आवाजाऐवजी स्वतःच्या श्वासावर चालायला लागतो.

व्हिडिओ असला तरी निवेदन हे रेडिओसाठी लिहिल्यासारखं लिहावं लागतं. पादहस्तासनात नजर गुडघ्यांकडे असते, पर्वतासनात पायांकडे आणि साष्टांगात चटईकडे. हात वर असताना ती छताकडे असते. पडद्याकडे नीट पाहता येईल अशा स्थिती जवळजवळ नाहीतच. फक्त डाव्या-उजव्याचा घोळ मात्र चित्राशी बांधलेला आहे. समोर तोंड करून उभी असलेली शिक्षिका उजवा पाय हलवते तेव्हा पाहणाऱ्याला तो आपल्या डाव्या बाजूला दिसतो. आवाजात ‘उजवा’ असेल तेव्हा तिने डावा पाय हलवावा, म्हणजे चित्र आरशासारखं दिसतं. हे चित्रीकरणाच्या दिवशी ठरवून चालत नाही, स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावं लागतं.

स्क्रिप्ट झाली की मी ती मोबाइलवर कच्ची रेकॉर्ड करते आणि डोळे मिटून स्वतः करते. त्यानंतर हा क्रम कधी न ऐकलेल्या माणसाला करायला लावते आणि मी शब्द ऐकायचं सोडून त्याच्याकडे बघते. हातांच्या आधी खांदे उचलले गेले, तर कुठेतरी ‘घेऊन’ राहून गेलंय किंवा श्वासाचा शब्द पूर्वसूचनेत शिरलाय. खाली वाकलेला असताना त्याने मान वळवून पडद्याकडे पाहिलं, तर सूचनेत दिशा राहिली आहे. वर येताना ‘हुश्श’ ऐकू आलं, तर सेकंद जास्त झालेत, आणि तेव्हा शब्द बदलून भागत नाही, तक्त्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. आमच्या त्या काकूंना मी अजूनही दर नव्या ध्वनिमुद्रणाला आधी बोलावते. त्या करताना काही बोलत नाहीत, पण त्यांचे खांदे मला सगळं सांगतात.

तुमच्यापैकी अनेक शिक्षक आता विद्यार्थ्यांसाठी, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मोबाइलवर असे आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. पाठवण्याआधी एकदा लिहिलेल्या कागदावरचे सगळे ‘घेऊन’ आणि ‘सोडून’ शोधा. जिथे श्वासाबरोबर हालचाल आहे तिथे ‘घेत’ आणि ‘सोडत’ करा, आणि मग तो आवाज लावून स्वतः तीन नमस्कार घाला.